सलग आकडे लागतातच कसे?

१ डिसेंबर २०२०, मंगळवार. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय लॉटरीत पॉवरबॉल नावाचा एक खेळ आहे. त्या रात्री त्याची सोडत झाली आणि पहिले पाच आकडे निघाले ५, ६, ७, ८, ९. उरला वेगळ्या यंत्रातून काढायचा सहावा चेंडू, म्हणजे खुद्द ‘पॉवरबॉल’. तो निघाला १०.

पहिलं बक्षीस वीस जणांना लागलं. जॅकपॉटचे वीस वाटे झाले आणि प्रत्येकाच्या पदरात सुमारे ५७ लाख रँड पडले. आणखी ७९ जणांचे पहिले पाचही आकडे जुळले होते, पण पॉवरबॉल हुकला होता. त्यांना प्रत्येकी ६,२८३ रँडवर समाधान मानावं लागलं. देशभर एकच ओरड झाली, की हा घोटाळा आहे. पाचापासून दहापर्यंतचे आकडे असे ओळीने निघतीलच कसे? लॉटरीवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगालाही चौकशी करू, असं जाहीर करावं लागलं.

हा संशय दक्षिण आफ्रिकेपुरता नाही. जिथे जिथे आकडे निवडायची लॉटरी चालते, तिथे हाच सल्ला कानावर येतो: सलग आकडे घेऊ नका, ते कधी लागत नाहीत. सगळे विषम घेऊ नका, सगळे समही नकोत. तीन विषम आणि दोन सम असे ‘मिसळून’ घ्या, कारण बहुतेक सोडतींत तसेच आकडे निघतात. गंमत अशी की यातलं शेवटचं विधान खरं आहे. बहुतेक सोडतींत मिसळलेलेच आकडे निघतात. तरीही त्यावरून दिलेला सल्ला साफ चुकीचा आहे. खऱ्या विधानातून चुकीचा सल्ला कसा निघतो, हे पाहायला प्रत्यक्ष मोजण्यासारखा दुसरा उपाय नाही.

सहा चिठ्ठ्यांची लॉटरी

पन्नास आकड्यांची सगळी तिकिटं कागदावर मांडणं शक्य नाही, म्हणून आधी अगदी छोटी लॉटरी घेऊ. १ ते ६ आकडे लिहिलेल्या सहा चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, डबा हलवायचा आणि न बघता तीन काढायच्या. काढण्याचा क्रम बघायचा नाही, कोणते तीन निघाले तेवढंच बघायचं. या लॉटरीत किती वेगवेगळी तिकिटं असू शकतील? सगळीच लिहून काढू:

१-२-३, १-२-४, १-२-५, १-२-६, १-३-४, १-३-५, १-३-६, १-४-५, १-४-६, १-५-६
२-३-४, २-३-५, २-३-६, २-४-५, २-४-६, २-५-६
३-४-५, ३-४-६, ३-५-६
४-५-६

पहिल्या ओळीत दहा, मग सहा, मग तीन, मग एक. एकूण वीस. एकविसावं तिकीट शोधून सापडणार नाही.

आता ही वीसही तिकिटं सारखीच कशावरून? पहिली चिठ्ठी सहांपैकी कोणतीही निघू शकते. ती बाहेर आल्यावर दुसरी उरलेल्या पाचांपैकी, आणि तिसरी उरलेल्या चारांपैकी. म्हणजे चिठ्ठ्या निघण्याचे ६ × ५ × ४ = १२० प्रकार झाले. डबा नीट हलवला असेल आणि चिठ्ठ्या सारख्या असतील, तर या १२० प्रकारांत डावं-उजवं काहीच नाही. यांपैकी किती प्रकारांत १-२-३ हे तिकीट लागेल? १२३, १३२, २१३, २३१, ३१२ आणि ३२१ अशा सहा प्रकारांत. आणि १-४-६ किती प्रकारांत लागेल? १४६, १६४, ४१६, ४६१, ६१४ आणि ६४१. हेही सहाच. कोणतंही तिकीट उचला, तीन आकड्यांची मांडणी सहाच प्रकारे होते. १२० ला सहाने भागलं की वीस येतात. प्रत्येक तिकिटाच्या वाट्याला विसात एक शक्यता येते, कुणाला कमी नाही की जास्त नाही.

मिसळलेल्या तिकिटांचा भुलावा

आता त्याच यादीत सम-विषम बघू. तिन्ही विषम असलेलं तिकीट एकच आहे, १-३-५. तिन्ही सम असलेलंही एकच, २-४-६. बाकीची अठरा मिसळलेली आहेत. म्हणजे ही लॉटरी रोज काढली, तर दर वीस दिवसांत सरासरी अठरा दिवस मिसळलेले आकडे निघतील. सल्लागार नेमकं यावरच बोट ठेवतो: बघा, विसात अठरा वेळा मिसळलेले निघतात, मग १-३-५ कशाला घेता?

पण तुम्ही दुकानात जाऊन ‘मिसळलेले आकडे’ विकत घेऊ शकत नाही. तुम्ही एक तिकीट घेता, समजा १-४-६. मिसळलेले आकडे निघाले म्हणजे तुमचं तिकीट लागलं, असं होत नाही. तुमच्याबरोबर त्या गटात आणखी सतरा तिकिटं उभी आहेत. गट जिंकण्याची शक्यता विसात अठरा, आणि गट जिंकल्यावर त्यातलं नेमकं तुमचं तिकीट असण्याची शक्यता अठरात एक. दोन्हींचा गुणाकार करा, विसात एकच उरतो. तिकडे १-३-५ वाल्याचा गट विसात एकदाच जिंकतो, पण जिंकला की त्यात वाटेकरी दुसरं कुणी नाही. त्याचीही शक्यता विसात एकच. मोठ्या गटात शिरल्याने जेवढी शक्यता वाढल्यासारखी वाटते, तेवढीच ती गटातल्या गर्दीत विरून जाते.

सलग आकड्यांचंही तेच. यादीत तीन सलग आकड्यांची तिकिटं चार आहेत: १-२-३, २-३-४, ३-४-५, ४-५-६. म्हणून ती ‘दुर्मीळ’ ठरवायची असतील, तर एक अडचण येते. ज्या तिकिटांत दोन शेजारचे आकडे एकत्र आलेलेच नाहीत, अशी तिकिटं शोधा. १-३-५, १-३-६, १-४-६ आणि २-४-६ एवढीच सापडतील. तीही चारच! सलग तिकिटं दुर्मीळ म्हणून टाळणाऱ्याने त्याच न्यायाने १-४-६ सुद्धा टाळायला हवं. पण ते दिसायला कसं छान विस्कळीत आहे, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. कोणतंही तिकीट घ्या, ते दुर्मीळ ठरेल असा एखादा गट शोधून काढता येतोच.

आता पन्नास चेंडू

दक्षिण आफ्रिकेच्या पॉवरबॉलमध्ये पहिले पाच आकडे १ ते ५० मधून निघतात. हिशेब तोच, फक्त आकडे मोठे. पाच चेंडू निघण्याचे ५० × ४९ × ४८ × ४७ × ४६ म्हणजे २५,४२,५१,२०० प्रकार. कोणतेही पाच आकडे एकमेकांत १२० प्रकारे मांडता येतात, म्हणून १२० ने भागायचं. उत्तर येतं २१,१८,७६०. म्हणजे पाच आकड्यांचे एवढे वेगवेगळे संच. पॉवरबॉल १ ते २० मधून वेगळा निघतो, म्हणून विसाने गुणलं की पूर्ण तिकिटं होतात ४,२३,७५,२००. पहिल्या बक्षिसाची शक्यता सव्वाचार कोटींत एक असं म्हणतात, ती ही.

या एकवीस लाखांची सम-विषम विभागणी अशी होते. पाचही विषम असलेले संच ५३,१३० आणि पाचही सम असलेले तेवढेच. एक वेगळा आणि चार एका जातीचे, असे दोन्ही बाजू धरून ६,३२,५००. तीन-दोन अशी फोड असलेले १३,८०,०००. बेरीज करून बघा, २१,१८,७६० बरोबर जुळते. म्हणजे शंभरातल्या पासष्ट सोडती तीन-दोन फोडीच्या असतील आणि पाचही विषम आकडे चाळीस सोडतींतून एखाद्या वेळीच निघतील. निकालांची जुनी बाडं चाळणाऱ्याला हे दिसतं, आणि त्याला वाटतं आपल्या हाती गुपित लागलं. प्रत्यक्षात त्याने एवढंच शोधून काढलेलं असतं, की मोठ्या गठ्ठ्यात तिकिटं जास्त आहेत. ५३,१३० च्या गठ्ठ्यातलं एक तिकीट आणि १३,८०,००० च्या गठ्ठ्यातलं एक तिकीट यांची शक्यता शेवटी २१,१८,७६० मध्ये एक हीच राहते.

पाचही आकडे सलग असलेले संच यात फक्त ४६ आहेत: १-२-३-४-५ पासून ४६-४७-४८-४९-५० पर्यंत. म्हणजे ४६,०६० सोडतींत सरासरी एकदा. आठवड्याला दोन सोडती धरल्या, तर वर्षाला साधारण १०४, आणि मग सलग आकडे बघायला सव्वाचारशे-साडेचारशे वर्षं थांबावं लागेल. ‘आम्ही कधी सलग आकडे लागलेले पाहिले नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांनी ४-१७-२२-३८-४१ लागलेलंही पाहिलेलं नसतं. तो एक संच बघायचा तर वीस हजार वर्षांहून अधिक काळ थांबावं लागेल. तो लागला नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याची वाट कुणी पाहत नसतं. सलग आकडे मात्र लागले तरी बातमी होते, आणि लागले नाहीत तरी त्यांच्या नावावर न लागण्याची नोंद होते.

मुळात ‘सलग’ हा गुण चेंडूंच्या अंगचा नाही. समजा, चेंडूंवर आकड्यांऐवजी पन्नास चित्रं काढली: आंबा, पतंग, कंदील, बैलगाडी, छत्री वगैरे. पाचच्या जागी आंबा, सहाच्या जागी पतंग, सातच्या जागी कंदील. यंत्र तेच, वारा तोच, चेंडूही तेच. आता आंबा, पतंग, कंदील, बैलगाडी, छत्री असे पाच निघाले, तर घोटाळा म्हणून कुणी ओरडेल का? यंत्रातल्या चेंडूला आपल्यावर काय लिहिलंय ते ठाऊक नसतं, आणि शेजारून कोण निघून गेला याचाही पत्ता नसतो. गेल्या आठवड्यात काय निघालं होतं, तेही त्याच्या गावी नसतं. क्रम आपण आपल्या मनातून त्यावर लादतो.

मग वीस जण जिंकले कसे?

इथे एक प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. आकडे निघण्यात काही नवल नाही हे मान्य केलं, तरी एकदम वीस विजेते? सव्वाचार कोटींत एक अशी शक्यता असताना लोकांनी आकडे अगदी कसेही निवडले असते, तर सरासरी वीस विजेते यायला सुमारे ८५ कोटी तिकिटं विकली जायला हवी होती. दक्षिण आफ्रिकेची लोकसंख्या आहे सहा कोटींच्या आसपास.

उत्तर यंत्रात नाही, तिकिटं भरणाऱ्यांच्या सवयीत आहे. माणसं आकडे कसेही निवडत नाहीत. कुणी वाढदिवस घेतो, कुणी सातावर जीव टाकतो, आणि बऱ्याच जणांना ओळीने आकडे भरायची हौस असते. याचा पुरावा त्याच रात्रीच्या निकालात आहे. ५-६-७-८-९ हे पाच आकडे वीस अधिक ७९, म्हणजे ९९ जणांचे जुळले. पॉवरबॉलसाठी १ ते २० मधला कोणताही आकडा निवडता येतो. या ९९ जणांनी तो कसाही निवडला असता, तर त्यातल्या साधारण पाच जणांकडे १० असायला हवा होता. होता विसांकडे. पाचापासून सुरू केलेली ओळ त्यांनी दहावर नेऊन पुरी केली होती. यंत्राला ओळ माहीत नव्हती, पण तिकिटं भरणाऱ्या हातांना माहीत होती.

सलग आकडे घेणारा माणूस वेगळा ठरतो तो इथे. लागण्याची शक्यता जराही कमी होत नाही, पण लागलं तर वाटेकरी फार निघतात. वीस वाट्यांचे मिळून त्या दिवशीचा जॅकपॉट साधारण ११ कोटी ४० लाख रँड होतो. तो एकट्याला लागणार असं धरून सव्वाचार कोटींनी भागला, तर पाच रँडच्या तिकिटामागे जॅकपॉटचा सरासरी वाटा दोन रँड ६९ सेंट पडतो. त्याचे वीस भाग झाले की तो जेमतेम १३ सेंटवर येतो. दुसरीकडे, कुणाच्या ध्यानीमनी नसलेले आकडे शोधून काढले, तरी दोन रँड ६९ सेंटच्या वर तो जात नाही. तिकिटाची किंमत मात्र पाचच रँड राहते. छोटी बक्षिसं त्यात थोडी भर घालतात, पण बक्षिसांचा पैसा तिकीटविक्रीच्या एका भागातूनच येत असल्याने तिकिटं घेणाऱ्या सगळ्यांचा मिळून हिशेब तोट्याचाच असतो.

दोन वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२२ ला, फिलिपिन्समध्ये याहून टोकाचा प्रकार घडला. तिथल्या ग्रँड लोटोमध्ये ५५ मधून सहा आकडे निवडतात. त्या दिवशी निघाले ९, १८, २७, ३६, ४५, ५४, म्हणजे नवाचा पाढा. विजेते किती? ४३३. सुमारे २३ कोटी ६० लाख पेसोंचं बक्षीस वाटून प्रत्येकाला साडेपाच लाखांच्या आत पेसो मिळाले. ५५ पर्यंत नवाच्या पटीतले आकडे सहाच आहेत, त्यामुळे ‘सगळे नवाच्या पाढ्यातले’ या गटात हे एकच तिकीट बसतं. २,८९,८९,६७५ तिकिटांमधलं ते एक, बाकीच्या प्रत्येकासारखंच.

घोटाळा ओळखायचा कसा?

सगळी तिकिटं सारखी, हे विधान एका अटीवर उभं आहे: चेंडू सारखे हवेत आणि यंत्र प्रामाणिक हवं. ही अट मोडता येते, आणि ती मोडलेली आहे. २४ एप्रिल १९८० ला अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या तीन अंकी लॉटरीत ६६६ हा आकडा निघाला. तीन यंत्रं, प्रत्येकात ० ते ९ असे दहा हलके चेंडू, आणि हवेच्या झोताने वर येईल तो अंक खरा. सोडतीचा निवेदक निक पेरी आणि त्याच्या साथीदारांनी ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंत सुईने रंग भरून ते जड केले होते. जड चेंडू तळाशी राहिले. उरल्या फक्त आठ शक्यता: ४४४, ४४६, ४६४, ४६६, ६४४, ६४६, ६६४, ६६६. हजारात एकाच्या जागी आठात एक. टोळीने हे आठही आकडे भरपूर घेऊन ठेवले होते.

इथे गफलत होऊ द्यायची नाही. ६६६ दिसायला विचित्र, म्हणून घोटाळा सिद्ध झाला, असं नाही. ४६४ निघाला असता तरी तो तेवढाच घोटाळा होता, आणि सचोटीने काढलेल्या सोडतीतही ६६६ हजारात एकदा निघतोच. चोर पकडले गेले ते सोडतीआधी लागलेल्या पैशांवरून. चार आणि सहा यांच्याच जुळण्यांवर मोठमोठ्या रकमा लागल्या होत्या, आणि त्या कुणी लावल्या याचा माग काढत तपास त्यांच्यापर्यंत पोहोचला. या कसोटीवर दक्षिण आफ्रिकेची सोडत धरून बघा. ज्याला निकाल आधीच ठाऊक आहे, तो दरवेळी लोकांच्या आवडीचा असलेला संच निवडून बक्षिसाचे वीस वाटे कशाला करून घेईल? तो असे आकडे लावेल, जे कुणाच्या तिकिटावर नसतील आणि ज्यांच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही.

यंत्र वाकडं आहे का, हे एका सोडतीवरून कळत नाही. त्यासाठी शेकडो सोडतींचे निकाल घेऊन प्रत्येक चेंडू किती वेळा निघाला ते मोजतात. पन्नासांतून पाच निघतात, म्हणजे प्रत्येक चेंडू सरासरी दहा सोडतींत एकदा यायला हवा. पाचशे सोडतींत कुणी पंचेचाळीस वेळा येईल, कुणी पंचावन्न वेळा. एवढा फरक चालतोच. एखादा चेंडू पाचशेत नव्वद वेळा आला, तर मात्र तो काढून वजन करायला हवा.

आपल्याकडे १९६९ पासून चालू असलेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या कागदी तिकिटावर मालिका आणि क्रमांक आधीच छापलेला असतो. तिथे आपण आकडे निवडत नाही, तिकीट निवडतो. स्टॉलवर उभं राहून तिकिटं चाळताना १२३४५ किंवा ७७७७७ असा क्रमांक हाती आला की काही जण तो परत ठेवून ‘बरा’ क्रमांक मागतात. तिथेही मोजणी तीच आहे: पहिल्या बक्षिसासाठी मालिकेसह एकच पूर्ण क्रमांक काढला जातो, आणि प्रत्येक क्रमांकाचा त्यात एकेकच हक्क. फरक एवढाच, की तो क्रमांक त्या मालिकेत दुसऱ्या कुणाकडे नसतो. त्यामुळे पॉवरबॉलसारखी वाटेकऱ्यांची भीती इथे नाही आणि १२३४५ नाकारायला तेवढंही कारण उरत नाही. परत ठेवलेलं तिकीट आणि त्याच्या जागी घेतलेलं तिकीट, दोन्हींची शक्यता पैशा-आण्यापर्यंत सारखी असते.